जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी वर्गशिक्षिकेला पत्र: किती दिवस मागायचे आणि बुडणाऱ्या चाचणीचं काय करायचं

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, राज्य मंडळाची मराठी शाळा, नागपूर. 17 ते 19 सप्टेंबरला मानकापूरला जिल्हास्तरीय शालेय मैदानी स्पर्धा आहे. नाव शाळेतूनच गेलंय, 600 मीटर धावणे आणि लांब उडी. नेमकी 18 तारखेला गणिताची घटक चाचणी आहे. वर्गशिक्षिकेला पत्र कसं लिहू? डायरीत लिहून दिलं तर चालणार नाही का?

उत्तर:

डायरीतली नोंद एखाद्या दिवसाच्या तापाला पुरते. इथे दिवस एकापेक्षा जास्त आहेत आणि मधे चाचणी आहे, तेव्हा वेगळा कागदच द्या. डायरी मुलीबरोबर घरी परत येते, कागद बाईंच्या फाइलमध्ये राहतो. महिनाअखेरीला कॅटलॉगची बेरीज करताना किंवा पालकसभेत "ही त्या आठवड्यात कुठे होती?" असा प्रश्न आला, तर बाईंच्या हाताशी काहीतरी असायला हवं.

पण पत्र लिहायला बसण्याआधी एक काम करा. खेळाच्या सरांकडून स्पर्धेचं वेळापत्रक मागून घ्या आणि त्यात 14 वर्षांखालील मुलींचे प्रकार कोणत्या दिवशी आहेत ते बघा. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात आणि मैदानी स्पर्धेत बऱ्याचदा एकेका गटाला वेगळा दिवस दिलेला असतो. परिपत्रकावर "17 ते 19" छापलंय म्हणून तुमची मुलगी तिन्ही दिवस मैदानावर लागेलच असं नाही. तीन दिवस मागितले आणि ती दीड दिवसात मोकळी झाली, तर तिसऱ्या दिवशी घरी बसलेल्या मुलीबद्दल बाईंना काय वाटेल ते सांगायला नको. पुढच्या वेळी तेच पत्र संशयाने वाचलं जातं. समजा वेळापत्रकात 17 ला लांब उडी आणि 600 मीटरची प्राथमिक फेरी आहे, 18 ला 600 मीटरची अंतिम फेरी आहे. मग पत्रात दोनच दिवस मागा, आणि त्यातलाही दुसरा दिवस अंतिम फेरीत निवड झाली तरच, असं स्पष्ट लिहा. अट तुम्हीच घातली की मागणी रास्त वाटते.

अर्धा दिवस मागावा का, असा विचार मनात येतो. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासाठी तो सहसा जमत नाही. खेळाडूंना सकाळी लवकर हजेरी द्यावी लागते, छातीक्रमांक घ्यावा लागतो, आणि आपली फेरी नेमकी किती वाजता लागेल हे त्या दिवशीच कळतं. तुम्ही मानेवाडा किंवा हुडकेश्वरकडे राहत असाल तर मानकापूर म्हणजे शहराचं दुसरं टोक. दुपारी दमलेली मुलगी शेवटच्या दोन तासिकांना वर्गात येऊन बसली तरी तिच्या पदरात काही पडत नाही. पूर्ण दिवसच मागा.

आता नमुना. तुमच्या प्रकरणावर बेतून लिहिलाय, एवढ्यावर भागतं:

दि. 10 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. वर्गशिक्षिका,
इयत्ता 7 वी, तुकडी ब,
(शाळेचे नाव), नागपूर

विषय: जिल्हास्तरीय शालेय मैदानी स्पर्धेसाठी दि. 17 व 18 सप्टेंबर रोजी अनुपस्थित राहण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

माझी मुलगी कु. अ. ब. क. (हजेरी क्र. 23) आपल्या वर्गात शिकते. शाळेतर्फे तिची निवड जिल्हास्तरीय शालेय मैदानी स्पर्धेसाठी (नागपूर महानगरपालिका क्षेत्र, 14 वर्षांखालील मुली) झाली आहे. ती 600 मीटर धावणे व लांब उडी या प्रकारांत भाग घेणार आहे. स्पर्धा विभागीय क्रीडा संकुल, मानकापूर येथे आहे.

बुधवार, दि. 17 सप्टेंबर रोजी लांब उडी व 600 मीटरची प्राथमिक फेरी आहे. अंतिम फेरीत निवड झाल्यास तिला गुरुवार, दि. 18 सप्टेंबर रोजीही जावे लागेल. निवड न झाल्यास ती 18 तारखेला शाळेत हजर राहील व गणिताची घटक चाचणी वर्गाबरोबरच देईल.

18 तारखेची चाचणी बुडाल्यास ती सोमवार, दि. 22 किंवा मंगळवार, दि. 23 सप्टेंबर रोजी, आपल्या व गणिताच्या शिक्षकांच्या सोयीने, घेण्यात यावी ही विनंती. दोन दिवसांचा बुडालेला अभ्यास ती सोमवारपर्यंत पूर्ण करेल.

स्पर्धेच्या ठिकाणी ती शाळेच्या क्रीडाशिक्षकांसोबत असेल. तिला नेण्या-आणण्याची जबाबदारी आमची राहील. पावसामुळे तारीख बदलल्यास आपल्याला त्याच दिवशी कळवू.

तरी वरील दोन दिवस तिला अनुपस्थित राहण्यास परवानगी द्यावी ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
(पालकाची सही, पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

सोबत: 1. स्पर्धेच्या परिपत्रकाची छायाप्रत 2. वेळापत्रकाच्या संबंधित पानाची छायाप्रत

प्रत माहितीसाठी: मा. मुख्याध्यापक

विषयाची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण घाईत तेवढीच वाचली जाते. स्पर्धेची पातळी, तारखा आणि मागणी या तिन्ही गोष्टी तिथेच यायला हव्यात. "सुट्टी मिळणेबाबत" लिहू नका. सुट्टी शाळा देते, ती सगळ्यांना असते. "रजेचा अर्ज" म्हटलं की आजारपण किंवा घरचं लग्न डोळ्यांपुढे येतं. तुम्ही मागताय ती शाळेच्याच कामासाठी गैरहजर राहण्याची परवानगी आहे, म्हणून "अनुपस्थित राहण्यास परवानगी" हेच शब्द ठेवा. पुढे हजेरी कशी लावायची हे ठरवतानाही ते कामी येतात.

स्पर्धेचं नाव परिपत्रकावर जसं छापलंय तसं उतरवा. नागपुरात हे जरा नीट बघावं लागतं. ग्रामीण भागातल्या शाळा आधी तालुकास्तर खेळून जिल्ह्याला येतात, तर महानगरपालिका क्षेत्राची जिल्हास्तरीय स्पर्धा वेगळी धरली जाते. त्यामुळे शहरातल्या मुलांची पहिलीच पायरी "जिल्हास्तर" असते. बाईंना हे माहीत नसेल तर "तालुका कधी झाला?" असं त्या विचारू शकतात. कंसात "नागपूर महानगरपालिका क्षेत्र" लिहिलं की शंका मिटते.

शाळेतूनच नाव गेलंय, मग पालकाने पत्र कशाला द्यायचं, असंही वाटेल. शालेय क्रीडा स्पर्धेचा प्रवेश शाळेमार्फतच होतो, खेळाडूच्या ओळखपत्रावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का असतो, म्हणजे शाळेला सगळं ठाऊक आहे. पण मुख्याध्यापकांना ठाऊक असणं वेगळं आणि वर्गशिक्षिकेला ठाऊक असणं वेगळं. खेळाडूंची यादी क्रीडाशिक्षकांकडे असते. ती शिक्षक खोलीत पोहोचेपर्यंत कधी कधी स्पर्धा उरकूनही जाते, आणि तोवर कॅटलॉगवर गैरहजेरी लागलेली असते. तुमचं पत्र ही फट बुजवतं. म्हणूनच त्यात "शाळेतर्फे निवड" आणि "क्रीडाशिक्षकांसोबत" हे शब्द हवेतच. बाईंनी सरांना एका वाक्यात विचारलं की खातरजमा होते.

शाळा पालकांकडून संमतीपत्रही घेते, बहुधा छापील. ते वेगळं. संमतीपत्रात तुम्ही मुलीला पाठवायला होकार देता, या पत्रात वर्गातून जाऊ देण्याची परवानगी मागता. एक दिलं म्हणून दुसरं टळत नाही.

आता चाचणी. बहुतेक पत्रं इथेच अडतात. पालक एक तर चाचणीचा उल्लेखच टाळतात, नाहीतर "सरासरी गुण द्यावेत" असं लिहून मोकळे होतात. सरासरी मागू नका. न दिलेल्या चाचणीचे गुण नोंदवहीत कशाच्या आधारे भरायचे हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहतो, आणि नियमाला धरून चालणारा शिक्षक नाहीच म्हणेल. आधी घ्या, अशीही विनंती करू नका. प्रश्नपत्रिका सगळ्या तुकड्यांना एकच असेल तर आधी दिलेला पेपर फुटण्याची धास्ती राहते. नंतर घ्या म्हणणं सगळ्यांत सोपं, आणि त्यासाठी दोन पर्यायी दिवस तुम्हीच सुचवा. एकच दिवस सुचवला आणि त्या दिवशी गणिताचे सर नसले तर पत्र पुन्हा तुमच्याकडे येतं. "तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा" असं मोघम लिहिलं तर ती सोय कधीच येत नाही.

सातवीला हे जमण्याजोगं आहे, कारण पहिली ते आठवीच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात लहान चाचणी हे आकारिक मूल्यमापनाच्या अनेक साधनांपैकी एक आहे. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी इतर साधनंही त्यात धरली जातात. चाचणी दोन-चार दिवस पुढे गेली तरी मूल्यमापन बिघडत नाही. सत्र परीक्षेचं तसं नाही. स्पर्धा प्रथम सत्राच्या परीक्षेवर आली तर वर्गशिक्षिकेच्या हातात फारसं काही नसतं. अशा वेळी पत्र थेट मुख्याध्यापकांच्या नावे लिहावं आणि प्रत वर्गशिक्षिकेला द्यावी. नमुन्यात मुख्याध्यापकांना नुसती प्रत ठेवलीय, कारण दोन दिवसांसाठी आणि घटक चाचणीसाठी तेवढं पुरतं.

कॅटलॉगचं वेगळं सांगतो, कारण पालक इकडे लक्ष देत नाहीत. हजेरी रोज लागते आणि महिना संपला की बेरीज होऊन पान बंद होतं. त्यानंतर खाडाखोड करायची तर मुख्याध्यापकांची सही लागते आणि कोणताही शिक्षक ते टाळतो. तेव्हा शाळेने पाठवलेल्या मुलीच्या नावापुढे त्या दिवसांसाठी काय नोंदवलं जातं, हे पत्र देतानाच बाईंना विचारा. शाळेच्या कामावर असलेल्या विद्यार्थ्याला हजर धरण्याची पद्धत अनेक शाळांत आहे, पण सरांची यादी किंवा तुमचं पत्र हातात असल्याशिवाय बाई तसं करू शकत नाहीत. सातवीत दोन दिवसांनी काही अडत नाही. दहावीत मात्र 75 टक्के हजेरीचा प्रश्न येतो, आणि जी मुलं विभाग, राज्य करत पुढे जातात त्यांचे दिवस बघता बघता वाढतात. सवय आत्तापासून लागलेली बरी.

याच कारणासाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. चाचणी बुडतेय म्हणून "प्रकृती ठीक नसल्याने" असं कधीही लिहून देऊ नका. काही पालकांना ती सोपी वाट वाटते. पण स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर तारीख छापलेली असते. एकाच तारखेला मुलगी शाळेच्या नोंदीत आजारी आणि प्रमाणपत्रावर मैदानावर, असे दोन कागद तयार होतात. पुढे दहावी-बारावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी हीच प्रमाणपत्रं शाळेमार्फत पुढे जातात, तेव्हा शाळेने आपल्याच नोंदीविरुद्ध सही करायची का? शिवाय मुलीला बाईंसमोर खोटं बोलावं लागतं, ते वेगळंच.

पत्र कधी द्यायचं? किमान पाच शाळेचे दिवस आधी. दिवस मोजताना कॅलेंडर समोर ठेवा, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे पोळा, तान्हा पोळा, गणपती अशा सुट्ट्या एकामागून एक येतात. आठवडा हातात आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात शाळा तीनच दिवस भरते. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी दिलेलं पत्र बहुधा सोमवारीच उघडलं जातं. बुधवारच्या स्पर्धेसाठी आधीच्या बुधवारी पत्र दिलं तर बाईंना गणिताच्या सरांशी बोलायला वेळ मिळतो. परिपत्रक उशिरा आलं आणि दोनच दिवस उरले असतील, तर पत्र मुलीच्या हाती न पाठवता स्वतः जाऊन द्या. "परिपत्रक आम्हाला दि. 15 रोजी मिळाले" हे एक वाक्यही घाला, म्हणजे उशीर तुमच्याकडून झालेला नाही हे समजतं.

तीन प्रती काढा. एक बाईंकडे, एक मुख्याध्यापकांकडे, तिसरीवर बाईंची किंवा कार्यालयाची पोच. बाईंकडे पोच मागायला अनेकांना संकोच वाटतो, पण "एका प्रतीवर सही कराल का, घरच्या फाइलमध्ये ठेवायची आहे" असं म्हटलं की अवघडलेपण राहत नाही, आणि ते खरंही आहे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पत्राचा फोटो टाकू नका. चाळीस पालकांपुढे एकीची चाचणी पुढे ढकलायची म्हटलं तर बाईंना होकार देणं अवघड होतं. पत्र हाती दिल्यावर बाईंना वैयक्तिक एक ओळ पाठवली तर हरकत नाही.

सही पालकाचीच हवी. मुलीने लिहिलं तर "आपली आज्ञाधारक" शोभतं, तुम्ही लिहिताना "आपली विश्वासू", वडील लिहीत असतील तर "आपला विश्वासू". मुलीच्या हस्ताक्षरातला मजकूर आणि खाली पालकाची सही असं मिश्रण टाळा. "माझा पाल्य" लिहून पुढे "ती" येते तेव्हा वाक्य अडखळतं, सरळ "माझी मुलगी" लिहा. मुलगी किती गुणी आहे, तिने किती मेहनत घेतलीय, याची इथे गरज नाही. बाई तिला रोज बघतात.

पावसाचं वाक्य मुद्दाम घातलंय. सप्टेंबरात ट्रॅक ओला झाला, उडीच्या खड्ड्यात पाणी साचलं की स्पर्धा एक-दोन दिवस पुढे जाते. तसं झालं तर जुन्या पत्रावर विसंबून राहू नका. त्याच संध्याकाळी बाईंना कळवा: "आजची स्पर्धा पावसामुळे रद्द झाली. नवी तारीख शुक्रवार, 19. उद्या ती शाळेत येईल आणि चाचणी देईल." बदल त्याच दिवशी कळवलेला असला की पुढची परवानगी तोंडी मागितली तरी मिळते. 19 तारीख आधीच मागून ठेवू नये ती याचसाठी.

अंतिम फेरीत निवड झाली की नाही हे 17 च्या दुपारी कळलं की तेव्हाच बाईंना सांगा, उद्या ती चाचणीला आहे की नाही. निवड झाली नाही तर 18 ला तिला शाळेत पाठवाच, पाय दुखत असले तरी. पत्रात तसं लिहून दिलंय.

स्पर्धा संपल्यावर पहिल्याच शाळेच्या दिवशी पुरावा द्या. प्रत्येक खेळाडूच्या हाती लगेच प्रमाणपत्र पडेलच असं नाही, विशेषतः क्रमांक आला नसेल तर. तेव्हा क्रीडाशिक्षकांकडून दोन ओळी लिहून घ्या, की ही विद्यार्थिनी अमुक तारखांना शाळेतर्फे स्पर्धेस उपस्थित होती. तो कागद महिनाअखेरीच्या आत बाईंकडे पोहोचला पाहिजे. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची छायाप्रत शाळेत आणि मूळ प्रत घरच्या फाइलमध्ये, पत्राच्या पोचेसोबत.

नंबर आला आणि विभागीय स्पर्धेला जायचं झालं, तर त्यासाठी नवं पत्र लिहा. आत्ताच्या पत्रात "पुढील स्पर्धांसाठीही परवानगी असावी" असं घालू नका, कारण त्या तारखा अजून कोणालाच माहीत नाहीत आणि तारखेविना दिलेली परवानगी कोणी पाळत नाही.

स्पर्धा शाळेतर्फे नसून एखाद्या जिल्हा संघटनेची किंवा क्लबची असेल, तर वरचा नमुना जसाच्या तसा चालणार नाही. "शाळेतर्फे" आणि "क्रीडाशिक्षकांसोबत" ही वाक्यं काढा, प्रवेश कोणामार्फत झाला ते लिहा, आणि सोबत कोण असेल तिथे स्वतःचं किंवा प्रशिक्षकांचं नाव टाका. अशा दिवसांची हजेरी शाळा लावेलच असं धरून चालू नका, तो निर्णय मुख्याध्यापकांचा असतो. पत्रात हजेरीचा आग्रह धरण्यापेक्षा परवानगी आणि चाचणीची दुसरी तारीख एवढंच मागा.